माल परत आला, मग कमिशनचं काय? स्लॅब, टीम बोनस आणि वसुलीचा हिशोब

आज एक गणित घेऊन आलोय. एका सेल्सवाल्याने जून महिन्यात १२ लाखांचा माल विकला. त्यावर त्याला १७,५०० रुपये कमिशन मिळालं. ऑगस्टमध्ये त्याच मालातला ४ लाखांचा माल दुकानदारांनी परत पाठवला. आता सांगा, त्याच्याकडून किती कमिशन परत घ्यायचं?

मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला. कोणी ५,८३३ म्हणालं, कोणी १०,०००, कोणी ४,०००. प्रत्येकाकडे आपापला हिशोब होता आणि प्रत्येकाला तोच बरोबर वाटत होता. माझं उत्तर ८,००० आहे. हा आकडा कुठून येतो आणि बाकीचे तीन का चुकतात, एवढंच आज सांगायचंय. आकडे ऐकताना डोक्यात राहणार नाहीत, म्हणून सगळे ट्रान्सक्रिप्टमध्ये टाकलेत. गाडीवर असाल तर नंतर वाचा.

आधी पार्श्वभूमी. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका बियाणं वितरकासाठी मी कमिशनचं कॅल्क्युलेटर बनवलं. फर्मचं नाव घेत नाही. टीम लहान, चार प्रतिनिधी. एकाकडे पारनेरची बाजू, एकाकडे शेवगाव, एकाकडे राहुरी, एकाकडे संगमनेर. नावं न घेता मी त्यांना गावावरूनच हाक मारतो, म्हणजे तुम्हालाही सोपं जाईल. हे चौघं कृषी सेवा केंद्रांना माल देतात आणि दुकानदार तो शेतकऱ्याला विकतो.

आता बियाण्याच्या धंद्याची एक गंमत आहे. माल दुकानात गेला म्हणजे विकला गेला असं नसतं. पेरणीच्या आधी दुकानं भरावी लागतात, आणि पेरणी पावसावर अवलंबून. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. पारनेर, नगरकडे मूग बराच होतो. मुगाची पेरणी साधारण जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंतच जमते. जून कोरडा गेला की शेतकरी मूग सोडून दुसरं काही पेरतो, आणि मुगाच्या पिशव्या दुकानात तशाच राहतात. त्या हंगाम संपल्यावर वितरकाकडे परत येतात. म्हणजे जूनचं बिल, ऑगस्टचा परतावा. या दोन महिन्यांच्या अंतरातच सगळी भांडणं होतात.

पहिलं भांडण: "वर" म्हणजे काय?

फर्ममध्ये स्लॅबचा नियम तोंडी होता. पाच लाखांपर्यंत एक टक्का, पाच ते दहा लाखांना दीड टक्का, दहा लाखांच्या वर अडीच टक्के. ऐकायला अगदी स्पष्ट. पण "दहा लाखांच्या वर अडीच टक्के" याचे दोन अर्थ निघतात. एक, दहा लाखांच्या वरच्या रकमेवर अडीच टक्के. दोन, दहा लाख ओलांडले की सगळ्याच रकमेवर अडीच टक्के.

१२ लाखांच्या विक्रीवर फरक बघा. पहिल्या अर्थाने पहिल्या पाच लाखांचे ५,०००, पुढच्या पाच लाखांचे ७,५००, वरच्या दोन लाखांचे ५,०००. एकूण १७,५००. दुसऱ्या अर्थाने १२ लाखांचे अडीच टक्के, म्हणजे सरळ ३०,०००. एकाच वाक्याचे दोन अर्थ आणि मध्ये साडेबारा हजारांची दरी. शेठच्या डोक्यात पहिला अर्थ होता, पारनेरच्या डोक्यात दुसरा. दोघंही प्रामाणिक होते.

पहिली पद्धत तुमच्या घरात दर महिन्याला येते. महावितरणचं बिल काढून बघा. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला पुढचा दर. तुम्ही ३०१ वं युनिट जाळलं म्हणून आधीची ३०० युनिटं महाग होत नाहीत. इन्कम टॅक्सचे स्लॅबही असेच चालतात.

दुसऱ्या पद्धतीत कडा तयार होतो. समजा विक्री ९ लाख ९९ हजार झाली. दीड टक्क्याने कमिशन १४,९८५. आणखी दोन हजारांचा माल गेला की १० लाख १ हजार, आणि सगळ्यावर अडीच टक्के, म्हणजे २५,०२५. दोन हजारांच्या मालावर दहा हजारांची उडी! मग ३० तारखेला माणूस काय करेल? ओळखीच्या दुकानदाराला फोन. "शेठ, दोन पिशव्या ठेवून घ्या, नाही खपल्या तर परत घेऊ." तो माल कधीच विकला जाणार नसतो. म्हणून लिहून ठेवलं ते असं: प्रत्येक दर फक्त आपल्या स्लॅबमधल्या रकमेला लागेल. नियमाखाली १२ लाखांचं उदाहरण सोडवून दाखवलं आणि चौघांच्या सह्या घेतल्या. कॅल्क्युलेटरची पहिली ओळ लिहिण्याआधी हे झालं.

गुगल शीटमध्ये हेच एका सूत्रात बसतं. `A2` मध्ये महिन्याची विक्री टाका:

```
=MIN(A2,500000)*1% + MAX(0,MIN(A2,1000000)-500000)*1.5% + MAX(0,A2-1000000)*2.5%
```

बियाण्यावर जीएसटी नाही, म्हणून इथे बिलाची रक्कम तशीच घेतली. तुम्ही ठिबक किंवा खत विकत असाल तर कर सोडून किंमत धरा, नाहीतर कमिशन सरकारच्या पैशांवरही मिळायला लागेल.

दुसरं भांडण: परतावा कुठून वजा करायचा?

आता मूळ प्रश्नाकडे. पारनेरची जूनची विक्री १२ लाख, ऑगस्टमध्ये परत आला ४ लाखांचा माल, सगळा जूनच्या बिलांवरचा.

५,८३३ वाले म्हणतात, १२ लाखांवर १७,५०० म्हणजे सरासरी १.४६ टक्के पडले, तेवढ्याच दराने चार लाखांचे परत घ्या. १०,००० वाले म्हणतात, वरच्या स्लॅबचा दर अडीच टक्के होता, तोच लावा. दोन्हीला एकच साधी कसोटी लावून बघू. समजा हा ४ लाखांचा माल मुळात गेलाच नसता. मग पारनेरची जूनची विक्री ८ लाख असती आणि कमिशन ५,००० अधिक ४,५००, म्हणजे ९,५००. परतावा आल्यानंतर त्याच्याकडे बरोबर ९,५०० राहिले पाहिजेत, ना जास्त, ना कमी. १७,५०० वजा ९,५००, उत्तर ८,०००. सरासरीच्या हिशोबाने त्याच्याकडे २,१६७ रुपये जास्त राहतात. वरच्या दराने त्याचे २,००० रुपये जास्त कापले जातात, कारण त्या चार लाखांतल्या फक्त दोन लाखांनाच अडीच टक्के मिळाले होते. उरलेल्या दोन लाखांना दीडच टक्का मिळाला होता.

आता ४,००० चं उत्तर. हे सगळ्यात धोक्याचं, कारण बहुतेक ठिकाणी हेच चालतं आणि फर्मच्या जुन्या शीटमध्येही हेच होतं. ज्या महिन्यात माल परत आला, त्या महिन्याच्या विक्रीतून वजा करायचा. वहीत हे नैसर्गिक वाटतं. क्रेडिट नोट ऑगस्टची, मग वजावटही ऑगस्टमध्ये. पारनेरची ऑगस्टची विक्री साडेचार लाख होती. त्यावर एक टक्क्याने ४,५०० मिळाले असते. चार लाख वजा केले की उरले ५० हजार, कमिशन ५००. म्हणजे वसुली झाली ४,००० ची.

काय झालं लक्षात आलं का? माल जूनमध्ये चढताना दीड आणि अडीच टक्क्याने कमिशन मिळालं. तोच माल ऑगस्टमध्ये उतरताना एक टक्क्याने कापला गेला. शेतकऱ्यापर्यंत एक दाणा पोचला नाही, तरी ४,००० रुपये खिशात राहिले. हे पारनेरने ठरवून केलं असं मी म्हणत नाही, त्या वर्षी पाऊसच लांबला होता. पण नियमच असा असेल तर तेजीच्या महिन्यात माल भरायचा आणि मंदीच्या महिन्यात परत घ्यायचा, यात प्रत्येक वेळी फायदाच आहे. आणि सरळ वागणारा, दुकानदाराची खरी गरज बघून माल देणारा माणूस कायम मागे पडतो.

म्हणून नियम: परतावा कधीही येवो, तो ज्या महिन्याच्या बिलावरचा आहे त्या महिन्यात जाऊन बसतो. त्या महिन्याचं कमिशन नव्याने काढायचं आणि फरक वसूल करायचा. आणि हो, त्या महिन्यात जे स्लॅब लागू होते तेच वापरायचे. जुलैपासून दर बदलले असतील तरी जूनचा माल जूनच्याच दराने.

कोडमध्ये हे एवढंच आहे. दर टक्क्याच्या शंभराव्या भागात लिहिलेत, म्हणजे दीड टक्का हा 150, कारण दशांशात पैशांचा हिशोब केला की पैसे-दोन पैसे इकडेतिकडे होतात:

```python
SLABS = [(500000, 100), (1000000, 150), (None, 250)]

def commission(sale):
    total, lower = 0, 0
    for upper, rate in SLABS:
        top = sale if upper is None else min(sale, upper)
        if top > lower:
            total += (top - lower) * rate
            lower = top
    return total // 10000

def clawback(sale, earlier, new):
    return commission(sale - earlier) - commission(sale - earlier - new)
```

`clawback` ला तीन गोष्टी द्यायच्या. त्या महिन्याची मूळ विक्री, त्याच महिन्यातला आधी परत आलेला माल, आणि आत्ता आलेला. मधली संख्या विसरायची नाही, कारण परतावा एका खेपेत येत नाही.

बरोबर चाललंय का हे कसं ओळखायचं? एक सोपी चाचणी आहे. चार लाख एकदम परत न येता आधी एक लाख आणि मग तीन लाख आले असं धरा. पहिल्यांदा १२ लाखांवरून ११ लाखांवर, वसुली २,५००. मग ११ वरून ८ लाखांवर, ५,५००. बेरीज ८,०००. आता उलटं करा, आधी तीन लाख आणि मग एक. ६,५०० आणि १,५००. पुन्हा ८,०००. क्रम कसाही लावा, बेरीज तीच यायला हवी. तुमच्या शीटमध्ये क्रम बदलल्यावर उत्तर बदललं, तर शीट चुकतंय असं समजा.

कुठला परतावा, कुणाच्या माथी?

सूत्र झालं. पण शेवगाव पहिल्याच बैठकीत म्हणाला, "दादा, माल कंपनीमुळे परत आला तर माझं कमिशन का कापायचं?" अगदी बरोबर बोलला. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. एखादा लॉट तपासणीत नापास झाला, बियाणे निरीक्षकाने विक्री बंदचा आदेश दिला, तर दुकानातला सगळा लॉट परत येतो. यात प्रतिनिधीचा काय दोष? त्याने माल विकला होता, गिऱ्हाईकही होतं.

म्हणून प्रत्येक परताव्याला कारण लिहिणं सक्तीचं केलं, आणि कारणं फक्त तीन ठेवली. खपला नाही, मालात दोष, चुकीचा माल पाठवला. वसुली फक्त पहिल्यावर. दुसऱ्या-तिसऱ्यावर कमिशन तसंच राहतं. कारण कोण भरणार? प्रतिनिधी नाही आणि शेठही नाही. गोदामात माल उतरवून घेणारा माणूस पिशवीवरचा लॉट नंबर बघून भरतो. ज्याचा पैसा त्या उत्तरावर अवलंबून आहे, त्याच्या हातात ते खानं द्यायचं नाही.

पाऊस न पडल्यामुळे आलेला माल "खपला नाही" मध्येच जातो. यावर बरीच चर्चा झाली. पाऊस काही पारनेरच्या हातात नाही. पण कमिशन विक्रीचं आहे, आणि विक्री झालेली नाही. मात्र त्याच्यावर दंड बसत नाही. जेवढं जास्त मिळालं होतं तेवढंच परत जातं.

आणखी एक अडचण. दुकानदाराने एकाच लॉटचा माल दोनदा घेतला, एकदा १० जूनला आणि एकदा ५ जुलैला. परत आलेल्या पिशव्या कुठल्या बिलावरच्या? पिशवीवर ते लिहिलेलं नसतं. आम्ही ठरवलं, त्या दुकानाचं, त्या लॉटचं शेवटचं बिल आधी पकडायचं. जो माल शेवटी आला तोच पडून राहिला असण्याची शक्यता जास्त. दुसरा नियमही चालला असता, पण एक काहीतरी आधी ठरलेलं हवं. नाहीतर प्रत्येक जण आपल्याला स्वस्त पडेल तो महिना निवडणार.

तिसरं भांडण: टीम बोनस

हे सगळ्यात नाजूक. जुना नियम असा होता की चौघांची मिळून महिन्याची विक्री ४० लाखांवर गेली की टीमला २०,००० रुपये, प्रत्येकी ५,०००. जूनमध्ये पारनेर १२, शेवगाव ११, राहुरी १०, संगमनेर ९, एकूण ४२ लाख. बोनस मिळाला. ऑगस्टमध्ये पारनेरचे चार लाख परत आले, टीम ३८ लाखांवर आली. नियमाने बोनस रद्द.

आता संगमनेरचा विचार करा. त्याच्याकडे अकोल्याचा डोंगराळ भागही आहे, फिरणं जास्त, विक्री कमी. त्याची एकही पिशवी परत आली नाही. तो विचारतो, "माझे पाच हजार कशासाठी कापता?" त्याला द्यायला उत्तर नाही. मग सगळे २०,००० पारनेरकडून घ्यायचे का? त्याला स्वतःला मिळाले पाच हजार, भरायचे वीस हजार. तेही बरोबर नाही. आणि असं केलंत तर पुढच्या हंगामात टीममध्ये कोणी कोणाशी बोलणार नाही.

मी बराच वेळ वसुलीचं सूत्र शोधत होतो. मग लक्षात आलं, प्रश्न वसुलीचा नाहीच. खोट दोन जागी आहे. एक म्हणजे ४० लाखांवर पुन्हा तोच कडा आहे. एक रुपया कमी पडला तरी शून्य. दुसरी म्हणजे बोनस वेळेआधी दिला जातो.

पहिल्यासाठी बोनसचाही स्लॅब केला. टीमची विक्री ३२ लाखांच्या वर जेवढी जाईल, तेवढ्या वरच्या रकमेचे दोन टक्के. ४२ लाखांवर बोनस होतो १० लाखांचे दोन टक्के, म्हणजे तेच २०,०००. ३८ लाखांवर होतो १२,०००. प्रत्येकी ५,००० ऐवजी ३,०००. संगमनेरला दोन हजारांचा फटका अजूनही बसतो, पण टीम म्हटल्यावर तेवढा बसणारच. पूर्ण शून्य होत नाही.

दुसऱ्यासाठी खरिपाच्या मालाचा टीम बोनस ३१ ऑगस्टनंतरच द्यायचा ठरलं. ही फर्मची माल परत घेण्याची शेवटची तारीख. त्यानंतर निव्वळ विक्री पक्की झालेली असते, त्यामुळे टीम बोनसमध्ये वसुली हा प्रकारच उरत नाही. हातात न दिलेला पैसा परत मागावा लागत नाही. दिलेला पैसा परत मागणं फार अवघड, कारण तोवर तो मुलांच्या फीमध्ये किंवा गाडीच्या हप्त्यात गेलेला असतो.

मग सगळंच कमिशन का थांबवू नये?

हा प्रश्न शेठने विचारला. त्याच्या बाजूने तेच सोपं. पण प्रतिनिधी जूनमध्ये रोज दीडशे किलोमीटर गाडी फिरवतो आणि पैसे सप्टेंबरमध्ये? घर कसं चालवायचं? म्हणून मधला रस्ता काढला. वैयक्तिक कमिशनचे ७० टक्के महिन्याच्या महिन्याला आणि ३० टक्के राखीव, परताव्याची मुदत संपेपर्यंत.

पारनेरचा हिशोब शेवटपर्यंत नेऊ. जूनचं कमिशन १७,५००. हातात आले १२,२५०, राखीव राहिले ५,२५०. ऑगस्टमध्ये वसुली निघाली ८,०००. राखीवमधून ५,२५० वळते झाले, बाकी २,७५०. ताळा करून बघा. त्याचं खरं कमिशन ९,५००, हातात गेलेले १२,२५०, जास्तीचे बरोबर २,७५०.

हे २,७५० कुठून घ्यायचे? इथे दोन मर्यादा घातल्या. पगाराला हात लावायचा नाही, फक्त पुढच्या कमिशनमधून घ्यायचे. आणि एका महिन्यात हातात येणाऱ्या कमिशनच्या निम्म्यापेक्षा जास्त कापायचे नाहीत. ऑगस्टचं कमिशन ४,५००, त्यातले ७० टक्के ३,१५०. त्याचे निम्मे १,५७५ कापले, उरलेले १,१७५ सप्टेंबरच्या हिशोबात गेले. ऑगस्टच्या राखीवला हात लावला नाही, कारण ती ऑगस्टच्या मालासाठी ठेवलेली आहे.

नोंद ठेवताना एक पथ्य पाळायचं. जूनची ओळ कधीच खोडायची नाही. जूनचे १७,५०० तसेच राहतात आणि खाली नवी ओळ येते: तारीख, क्रेडिट नोट नंबर, कुठल्या महिन्याचा माल, कारण, वजा ८,०००. जुनी ओळ बदललीत तर सहा महिन्यांनी जूनमध्ये नक्की काय दिलं होतं हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. प्रत्येक प्रतिनिधीला महिन्याला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ जाते, ती म्हणजे याच ओळी. पारनेरला ऑगस्टची पीडीएफ मिळाल्यावर त्याचा फोन आला. तो चिडला नव्हता. त्याला एका क्रेडिट नोटबद्दल विचारायचं होतं. त्या पिशव्या चुकीच्या वाणाच्या गेल्या होत्या असं त्याचं म्हणणं होतं. गोदामाची नोंद बघितली, तिथे "खपला नाही" लिहिलं होतं आणि लॉट नंबरही जुळत होता. त्याने मान्य केलं. भांडण एका ओळीवर आलं होतं, आणि ती ओळ तपासता येत होती.

हे कॅल्क्युलेटर काय करत नाही

उधारी. खेड्यातल्या कृषी केंद्राचा पैसा पीक निघाल्यावर येतो. माल परत आला नाही, पण पैसेही आले नाहीत, अशा बिलांवर कमिशन मिळालेलं असतंच. त्याला उत्तर म्हणजे कमिशन बिलावर न देता वसूल झालेल्या रकमेवर देणं. पण मग प्रतिनिधीला दिवाळीपर्यंत थांबावं लागतं आणि ७० टक्क्यांचा सगळा बेत मोडतो. फर्मने अजून ते केलेलं नाही. राखीव ३० टक्के तेवढे उधारीला जोडावेत का, यावर बोलणं चालू आहे.

दुसरी मर्यादा, सोडून जाणारा माणूस. जुलैमध्ये राजीनामा दिला तरी त्याची राखीव रक्कम ३१ ऑगस्टपर्यंत थांबते, हिशोब होऊन मगच मिळते. राखीवपेक्षा वसुली जास्त निघाली तर तो तोटा फर्मचा. शेठला हे आवडलं नाही, पण गेलेल्या माणसाच्या मागे दोन हजारांसाठी कोण फिरणार?

तुमच्यापैकी बरेच जण कुठे ना कुठे कमिशनवर काम करत असतील. मोबाईल दुकान असेल, ठिबकची एजन्सी असेल, कर्जाचे फॉर्म भरत असाल. तर आज घरी गेल्यावर नेमणुकीचं पत्र काढा आणि त्यात चार उत्तरं शोधा. स्लॅबचा दर वरच्या रकमेला लागतो की सगळ्या रकमेला? परत आलेला माल कुठल्या महिन्यातून वजा होतो? कुठल्या कारणाने परत आला तर वजा होत नाही? आणि एका महिन्यात जास्तीत जास्त किती कापतात? उत्तर सापडलं नाही तर १२ लाख आणि ४ लाखांचं हेच उदाहरण साहेबांसमोर ठेवा, आणि किती कापणार ते त्यांच्याकडून लिहून घ्या. हंगाम सुरू व्हायच्या आधी.